शिफारसपत्राची विनंती: मराठी कच्च्या मसुद्यातून इंग्रजीत नेताना

प्रश्न: मी परभणीहून कृषी विषयात एम.एस्सी. केले असून नेदरलँड्समध्ये पीएच.डी.साठी अर्ज करीत आहे. माझे मार्गदर्शक सर मूळचे आंध्रचे असल्याने मराठी बोलत असले तरी वाचत नाहीत. त्यांच्याकडे शिफारसपत्र मागण्यासाठी मी मराठीत मसुदा लिहिला. तो इंग्रजीत केल्यावर मात्र कधी उद्धट वाटतो, तर कधी लाचार. काय चुकते आहे?

उत्तर: तुमचा मसुदा वाचला. मराठीतील आदर ‘आपण’मध्ये, ‘द्यावे’, ‘करावे’ अशा क्रियापदांमध्ये आणि ‘कृपया’, ‘नम्र’ या शब्दांमध्ये असतो. इंग्रजीतील ‘यू’ सर्वांना सारखाच असल्यामुळे तो आदर भाषांतरात गळून पडतो आणि ‘आपण मला शिफारसपत्र द्यावे ही नम्र विनंती’ या निर्दोष वाक्याचे ‘प्लीज गिव्ह मी रिकमेंडेशन लेटर’ होते, म्हणजे उरते ती निव्वळ आज्ञा. ही उणीव भरून काढण्यासाठी तुम्ही ‘हम्बली’ आणि ‘काइंडली’ तीन-तीनदा घातले, त्यामुळे लाचारी आली.

इंग्रजीत मान दिला जातो तो मुख्यतः समोरच्याला नकाराची मोकळीक ठेवून. म्हणून विनंतीचे वाक्य असे करा: ‘आय अ‍ॅम रायटिंग टू आस्क व्हेदर यू वुड बी विलिंग टू राइट अ लेटर ऑफ रिकमेंडेशन फॉर माय पीएच.डी. अ‍ॅप्लिकेशन.’ यातील ‘व्हेदर’ आणि ‘वुड’ हे दोन शब्द तुमच्या ‘द्यावे ही विनंती’चे काम करतात. त्यांच्या जागी ‘विल यू राइट’ घातले, तर नम्रतेचा सूर लगेच उतरतो. पत्राच्या शेवटाकडे ‘इफ युवर शेड्यूल डझ नॉट परमिट, आय विल कंप्लीटली अंडरस्टँड’ हे वाक्य ठेवा. मराठीत ते कोरडे वाटेल, पण इंग्रजी वाचणाऱ्याला त्यात सौजन्य दिसते.

दुसरी अडचण क्रमाची आहे. तुमच्या मसुद्यात नमस्कार, प्रकृतीची चौकशी, कृपाशीर्वाद आणि उत्तीर्ण झाल्याची वार्ता आल्यानंतर अकराव्या ओळीत मागणी येते. मराठी पत्राची ती रीत आहे आणि मला स्वतःला ती आवडते. इंग्रजी मेलमध्ये मात्र मागणी पहिल्या-दुसऱ्या वाक्यात यावी आणि ओळख तिच्या मागून यावी. सुरुवातीला ‘रिस्पेक्टेड सर’ लिहिले तरी सरांना वावगे वाटणार नाही, पण ‘डिअर प्रोफेसर’ आणि पुढे आडनाव हे अधिक रुळलेले आहे. त्याला शेवटी ‘युअर्स सिन्सिअरली’ जुळते. ‘युअर्स ओबिडियंटली’ ही शाळेच्या रजेच्या अर्जातली सवय सोडून द्या.

तुमचे एक वाक्य जसेच्या तसे घेतो: ‘आपल्या कृपाशीर्वादाने व अमूल्य मार्गदर्शनाखाली मी प्रबंध पूर्ण केला, हे आपणास स्मरतच असेल.’ याचे ‘विथ युवर ब्लेसिंग्ज अँड एबल गायडन्स’ करू नका. ‘एबल’ म्हणजे सक्षम, आणि विद्यार्थिनीने मार्गदर्शकाला असे प्रमाणपत्र देणे विचित्र दिसते. शिवाय दरवर्षी नवे विद्यार्थी हाताळणाऱ्या सरांना ‘स्मरतच असेल’ यातून काहीच स्मरत नाही. मसुद्याच्या मागील पानावर तुम्ही पेन्सिलीने लिहिले आहे की सोयाबीनच्या मुळांवरील गाठींची एका वाफ्यातील मोजणी शंकास्पद वाटल्याने तुम्ही ती पुन्हा केली आणि सरांनी तुमची नोंदवही इतरांना दाखवली. तेच मेलमध्ये आणा: ‘यू मे रिमेंबर दॅट आय रिपीटेड द नोड्यूल काउंट्स फॉर वन प्लॉट व्हेन द फर्स्ट फिगर्स लुक्ड डाउटफुल.’ सरांना चेहरा आठवेल आणि शिफारसपत्रात लिहिण्यासारखी एक खरी गोष्टही हाती लागेल.

‘लवकरात लवकर’चे ‘अ‍ॅट द अर्लिएस्ट’ किंवा ‘अर्जंटली’ करणे टाळा, कारण त्यातून घाई सरांच्या डोक्यावर लादल्यासारखी होते. त्याऐवजी ‘द डेडलाइन इज’ लिहून तारीख द्या आणि मेल त्या तारखेच्या किमान तीन-चार आठवडे आधी पाठवा. सोबत गुणपत्रक, बायोडाटा आणि प्रबंधाचा गोषवारा जोडा. अनेक परदेशी विद्यापीठे पत्र भरण्याची लिंक थेट प्राध्यापकांना पाठवतात, म्हणून त्यांचा विद्यापीठाचा अधिकृत ईमेल पत्ता चालेल का, हेही विचारून घ्या. ‘तसदीबद्दल क्षमस्व’च्या जागी ‘थँक यू फॉर कन्सिडरिंग माय रिक्वेस्ट’ पुरेसे आहे.

आपल्याकडे नेहमी होते तसे सरांनी ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ म्हटले, तर पूर्ण पत्र लिहू नका. कोणता विषय, कोणते वर्ष, कोणता प्रयोग आणि तुम्ही नेमके काय केले, एवढे मुद्दे एका पानावर इंग्रजीत उतरवून द्या आणि गाठींच्या मोजणीचा मुद्दा त्यात वरती ठेवा.