रात्रीचं वायरलेस चार्जिंग आणि उतरत जाणारी बॅटरी हेल्थ

प्रश्न: "फोनला वर्ष झालं, बॅटरी हेल्थ ८८ वर आली. फास्ट चार्जर केव्हाच बंद केलाय, रात्री वायरलेस पॅडवर ठेवतो. तरी आकडा उतरतोच आहे. काय चुकतंय?"

उत्तर:

हे वाचताना माझाच जुना फोन डोळ्यांसमोर आला. मीही फास्ट चार्जिंगच्या धास्तीने रात्रीच्या पॅडवर गेले होते आणि १४ महिन्यांत १०० वरून ८४ वर आले. मी या क्षेत्रातली इंजिनिअर नाही, पण त्यानंतर बरंच वाचलं आणि पुढच्या दोन फोनवर करून पाहिलं, तेवढ्यावरून सांगते.

माझा रोजचा क्रम असा होता. रात्री ११ वाजता साधारण ४० टक्क्यांवर फोन जाड कव्हरसकट पॅडवर. दोनच्या सुमारास १००. मग सकाळी सातपर्यंत पाच तास तो भरलेल्या अवस्थेत आणि कोमट. पाच तास काहीच वाटत नाहीत, पण वर्षाचे १८२५ तास होतात, म्हणजे जवळजवळ अडीच महिने. लिथियम-आयन बॅटरी पूर्ण भरलेली असते तेव्हा तिचा व्होल्टेज सगळ्यात वर असतो आणि आतल्या नको त्या रासायनिक क्रिया जोर धरतात. उष्णता त्या आणखी वाढवते. नुसतं भरलेलं राहणं किंवा नुसती थोडी ऊब तितकी नडत नाही, दोन्ही तासन्‌तास एकत्र आली की मात्र बॅटरी झिजते.

वायरलेसमध्ये ही ऊब येते कुठून? पॅडमधली कॉइल आणि फोनमधली कॉइल समोरासमोर नसली की वीज बॅटरीत जाण्याऐवजी बरीचशी उष्णतेत जाते. माझा फोन व्हायब्रेट होऊन सरकायचा, हे मला फार उशिरा कळलं. जाड कव्हर ती उष्णता बाहेर पडू देत नाही, आणि कव्हरमागे कार होल्डरची धातूची पट्टी असेल तर तीही तापते. चुंबकाने जागेवर बसणारे क्यूआय२ पॅड यात बरे, पण ऊब तिथेही थोडी राहतेच.

तुमच्याकडे हेच होतंय का ते ओळखायला कुठलंही अ‍ॅप नको. सकाळी उठल्याबरोबर, फोन उचलायच्या आधी, त्याच्या पाठीला बोटं लावून पाहा. केव्हाच भरून झालेला फोन खोलीइतकाच थंड हवा. कोमट लागला तर कारण सापडलं.

आता माझी सगळ्यात महाग चूक. ८४ दिसल्यावर सर्व्हिस सेंटरला गेले. काउंटरवरच्या माणसाने फोन हातातही न घेता सांगितलं, "८० च्या वर आहे, आमच्याकडे काही होणार नाही. दर आठवड्याला शून्यापर्यंत उतरवून पुन्हा १०० करत जा." मी चार महिने इमानदारीने ते केलं. हा सल्ला निकेल-कॅडमियमच्या जमान्यातला आहे. लिथियम-आयनला शून्यापर्यंत नेल्याने उलट ताण पडतो. टक्क्यांचा आकडा चुकीचा दिसत असेल तर तो सुधारायला एखाद्या वेळी असं करणं ठीक, पण गेलेली क्षमता त्याने परत येत नाही. कव्हर काढून चार्ज करा, एवढं एक वाक्य तो बोलला असता तरी पुरे होतं. अजून राग येतो.

फास्ट चार्जिंगला मी आता घाबरत नाही. पूर्ण वेग सुरुवातीलाच असतो, बॅटरी भरत जाते तसा फोन स्वतःच प्रवाह कमी करतो. तापतो तो थोडा वेळ, रात्रभर नाही. मात्र उन्हात, गेम खेळताना किंवा कडाक्याच्या थंडीत ते टाळाच. शून्य अंशाखाली चार्ज केल्यास लिथियम धातूच्या रूपात बॅटरीतल्या ग्रॅफाइटच्या थरावर साचू शकतं, आणि ते नुकसान बहुतांशी भरून येत नाही.

तुमच्या जागी मी असते तर पॅड रात्रीपुरता बंद केला असता. सकाळी आवरताना अर्धा-पाऊण तास वायरने, ८० पर्यंत. रात्रीच लावायचा असेल तर साधा कमी वॅटचा चार्जर वापरा, फोन उशीखाली नको, आणि सेटिंगमध्ये ८० टक्क्यांची मर्यादा चालू करा. आयफोन १५ पासून ती Settings > Battery मध्ये मिळते, अनेक अँड्रॉइड फोनमध्येही बॅटरीच्या सेटिंगखाली असते. प्रवासाच्या दिवशी खुशाल १०० करा, एखाद्या दिवसाने काही बिघडत नाही.

गेलेले १२ टक्के परत येणार नाहीत, फक्त उतरण्याचा वेग कमी होईल. तोही आठवड्यात दिसत नाही, तीन-चार महिन्यांनी आकडा पाहा. आणि पाठ किंवा स्क्रीन कडेने उचलल्यासारखी दिसली तर हे सगळं बाजूला ठेवा. बॅटरी फुगलीय, चार्जिंग लगेच थांबवा, दाबून बसवू नका आणि बदलून घ्या.

ता.क. हे सगळं फोनपुरतं. इलेक्ट्रिक गाडीत एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची बॅटरी असेल तर काही कंपन्या अधूनमधून १०० टक्के भरायलाच सांगतात, तिथे गाडीचं मॅन्युअल पाहा.