दरपत्रकातला तोळा किती ग्रॅमचा?

प्रश्न : आमच्या सराफी पेढीच्या दरपत्रकात काही दागिन्यांची वजने तोळ्यांत आणि काहींची ग्रॅममध्ये आहेत. सगळी एकाच एककात लिहायची आहेत. तोळा १० ग्रॅमचा धरावा की ११.६६ ग्रॅमचा? आणि ती लिहावीत कशी?

उत्तर : दरपत्रक ग्रॅममध्येच करावे. २००९ च्या वैध मापन शास्त्र अधिनियमानुसार व्यापारात वजन व भाव प्रमाणित एककांतच सांगावे लागतात आणि तोळा हे आता प्रमाणित एकक नाही. तोळ्याचे ग्रॅम करण्यासाठी मात्र सरसकट एकच गुणक वापरता येणार नाही, कारण मराठीत आज ‘तोळा’ हा शब्द दोन वेगवेगळ्या वजनांसाठी चालतो. जुना तोळा १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६४ ग्रॅमचा, कंपनी सरकारने १८३३ मध्ये ठरवलेले हे वजन चांदीच्या रुपयाचेही होते. मेट्रिक पद्धत आल्यावर भाव दहा ग्रॅमला सांगितला जाऊ लागला आणि बाजारात त्या दहा ग्रॅमलाही तोळाच म्हणण्याचा प्रघात पडला. आज गिऱ्हाईक ‘दोन तोळ्यांचे मंगळसूत्र’ मागते तेव्हा त्याच्या मनात बहुधा वीस ग्रॅम असतात, पण त्याच्या आजीच्या पाटल्यांच्या जुन्या पावतीवरचे दोन तोळे २३.३२८ ग्रॅम भरतात.

म्हणून प्रत्येक नोंद कोणत्या तोळ्यातली आहे हे आधी ठरवावे लागते. सर्वांत भरवशाची खूण म्हणजे मासे आणि गुंजा. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा हे कोष्टक जुन्या तोळ्याचे आहे; दहा ग्रॅमच्या तोळ्याबरोबर मासे कोणी लिहीत नाही. याउलट ‘दीड तोळा’, ‘२.५ तोळे’ अशी नोंद दोन्हींपैकी कोणतीही असू शकते. तिथे दागिना पेढीत असेल तर तो काट्यावर ठेवावा आणि ग्रॅममधल्या वजनाला तोळ्यांच्या आकड्याने भागावे. उत्तर ११.६६ च्या आसपास आले तर तोळा जुना, १० च्या आसपास आले तर नवा. वापराने झालेली झीज किंवा नंतर बसवलेले खडे यांमुळे थोडा फरक पडेल, पण दोन तोळ्यांमधले अंतर एवढे मोठे आहे की सहसा घोटाळा होऊ नये. दागिना हाताशी नसेल आणि पावतीवर दुसरी खूणही नसेल, तर ती नोंद अंदाजाने न बदलता बाजूला ठेवणेच योग्य.

आता एक नोंद पूर्ण करून पाहू. जुन्या वहीत ‘पोहेहार १-३-४’ असे आहे, म्हणजे एक तोळा, तीन मासे, चार गुंजा. तोळ्याचे बारा मासे आणि वरचे तीन मिळून पंधरा मासे; चार गुंजांचा अर्धा मासा; एकूण साडेपंधरा मासे. एक मासा ०.९७२ ग्रॅमचा, म्हणून वजन १५.०६६ ग्रॅम. ही नोंद संगणकावर चढवताना तिचे १.३४ तोळे होण्याचा धोका मोठा आहे. मासे दशांश नव्हेत, बारांश आहेत. १.३४ ला दहाने गुणले तर १३.४ ग्रॅम येतात, आणि दीड ग्रॅमहून अधिक सोने कागदावरून नाहीसे होते. ११.६६४ ने गुणले तर १५.६३ ग्रॅम येतात. ही चूक लहान दिसते, म्हणूनच ती लवकर सापडत नाही.

दराकडेही लक्ष हवे. भाव ‘तोळ्याला’ असा लिहिलेला असेल, तर त्यातला तोळा वजनातल्या तोळ्याहून वेगळा असू शकतो. जुन्या तोळ्यातल्या वजनाला दहा ग्रॅमच्या भावाने गुणले, तर किंमत सुमारे सातव्या हिश्शाने कमी निघते. त्यामुळे आधी वजन ग्रॅममध्ये आणावे, भावही एका ग्रॅमचा करावा आणि मगच गुणाकार करावा. दहा तोळ्यांचे सोन्याचे बिस्कीट हा या नियमातला हमखास चकवा आहे: आजही ते जुन्याच तोळ्याचे, ११६.६४ ग्रॅमचे असते, शंभर ग्रॅमचे नव्हे.

लेखनात ‘ग्रॅम’ हे रूप एकवचनी व अनेकवचनी सारखेच ठेवावे आणि दशांशानंतर सर्वत्र तीन स्थळे द्यावीत: ‘पोहेहार, १५.०६६ ग्रॅम’, ‘अंगठी, ४.२०० ग्रॅम’. शेवटची शून्ये गाळली की एकाच रकान्यातले आकडे वेगवेगळ्या अचूकतेचे दिसतात. मूळ तोळे, मासे, गुंजा दरपत्रकात ठेवू नयेत, पण पेढीच्या वहीत ग्रॅमच्या शेजारी ‘जुना तोळा’ किंवा ‘दहा ग्रॅमचा तोळा’ अशा स्पष्ट शब्दांसह जरूर ठेवावेत, म्हणजे पुढे कोणाला शंका आली तर रूपांतर पुन्हा तपासता येईल.