55-AA पास होते, तरी प्रोग्राम बिघडतो

प्रश्न (मालवण, डिप्लोमा शेवटचं वर्ष): 8085 च्या बोर्डवर 6264 च्या चार चिप लावून 8000 ते FFFF अशी 32 केबी रॅम केली. डीकोडर 74LS138, मॉनिटर 2764 मध्ये. सगळीकडे 55 आणि मग AA लिहून वाचलं, एकही चूक नाही. पण प्रोग्राम 9000 च्या पुढे गेला की त्याचा सुरुवातीचा भाग बदललेला दिसतो. चिप खराब आहे का? डीरॅम वापरली असती तर हा त्रास टळला असता का?

उत्तर:

चिप बहुतेक धडधाकट आहे. तिच्यापर्यंत A12 पोचत नाहीये. हे इथे बसून कसं सांगतोय, ते बघ.

6264 मध्ये 8192 बाइट, म्हणून तिला A0 ते A12 अशा तेरा रेषा लागतात. त्या चारही चिपना समांतर जातात. उरलेल्या A13, A14, A15 या 138 च्या पिन 1, 2, 3 वर. आपल्याकडे प्रत्येक गावात वरची वाडी असते, खालची वाडी असते. नुसतं 'खालची वाडी, तिसरं घर' म्हटलं तर ते चारही गावांत सापडेल. गाव कुठलं ते 138 सांगतो, वाडी आणि घर चिप आपल्या पोटात शोधते. Y0 वर 0000 ते 1FFF म्हणजे तुझी 2764, आणि Y4 ते Y7 वर रॅमच्या चार चिप.

आता तुझं लक्षण. 9000 ला लिहिलेलं 8000 ला उमटतं. दोघांतला फरक 1000H, म्हणजे 2 चा 12 वा घात, म्हणजे A12. आरशासारखी प्रत जितक्या अंतरावर दिसते, ते अंतर हेच मेलेल्या रेषेचं नाव. 2000H चं अंतर असतं तर A13 वर संशय घेतला असता, 4000H असतं तर A14 वर.

138 ला मी आधीच सोडून दिलंय, त्याला कारण आहे. एलएस जातीच्या टीटीएल चिपची इनपुट पिन हवेत राहिली तर ती 1 समजली जाते. A13, A14, A15 पैकी एक जरी तुटली असती तर 0000 ला Y0 निवडलाच गेला नसता आणि मॉनिटरच सुरू झाला नसता. तुझा होतो.

मग 55-AA ची चाचणी का फसली? 8000 आणि 9000 हे दोन्ही पत्ते एकाच पेशीवर जातात, आणि दोन्हीकडे तू 55 च लिहिलंस. वाचलंस तेव्हा 55 च आलं. या चाचणीने पेशी तपासली जाते, पत्ता तपासला जात नाही. त्यासाठी प्रत्येक ठिकाणी त्याच्या पत्त्यावरून बनलेला आकडा लिहायचा, आणि सगळं लिहून झाल्यावरच वाचायला घ्यायचं. लिही-वाच, लिही-वाच असं केलंस तर दोष पुन्हा निसटेल.

```
        LXI H,8000H
WR:     MOV A,H
        XRA L
        MOV M,A
        INX H
        MOV A,H
        ORA L
        JNZ WR
        LXI H,8000H
RD:     MOV A,H
        XRA L
        CMP M
        JNZ BAD
        INX H
        MOV A,H
        ORA L
        JNZ RD
        HLT
BAD:    MOV A,H
        OUT 01H
        HLT
```

पोर्टचा नंबर तुझ्या बोर्डप्रमाणे बदल. हा तुकडा ईप्रॉममध्येच टाक, कारण रॅम तर पुसली जाणार. त्यात CALL किंवा PUSH मुद्दाम ठेवलेलं नाही, जी रॅम तपासतोय तिच्यावरच स्टॅक ठेवून कसं चालेल? तुझ्या बोर्डवर पहिल्याच घासाला, 8000 ला, 80 ऐवजी 90 सापडेल आणि एलईडीवर 80 दिसेल.

आता दोष नक्की कुठे ते शोध. मॉनिटरमधून B000 ला काहीतरी लिही आणि A000 वाच. तिथेही प्रत दिसली तर A12 मुळातच तुटली आहे, म्हणजे 8085 च्या पिन 25 पासून माग काढ. A8 ते A15 लॅचमधून जात नाहीत, त्यामुळे 373 उपसत बसू नकोस. (A12 2764 लाही जाते, पण मॉनिटर 4 केबीत मावत असेल आणि तुटलेली रेषा 0 वर राहत असेल तर तिथे काहीच जाणवणार नाही.) A000 ठीक असेल तर दोष फक्त पहिल्या रॅमच्या सॉकेटमध्ये, पिन 2 वर.

पॉवर काढ, मीटर बझरवर ठेव. एक टोक 8085 च्या पिन 25 वर, दुसरं चिपच्या पायावर, सॉकेटच्या सोल्डरवर नाही. सोल्डरपर्यंत रेषा सलग असते आणि पुढच्या अर्ध्या मिलिमीटरात तुटते, हे खाऱ्या वाऱ्यात फार होतं. पत्तीची स्वस्त सॉकेट एका पावसाळ्यात काळी पडतात. दुसरी शक्यता, पाय सॉकेटच्या भोकात न जाता चिपच्या पोटाखाली दुमडलाय. वरून अगदी बसल्यासारखा दिसतो, त्यामुळे चिप काढूनच बघ. एक खूण सांगतो: पाय हवेत असेल तर 6264 ची सीमॉस इनपुट कधी 0 धरते कधी 1, म्हणून बोट जवळ नेल्यावर वागणं बदलतं. बोटाने काही फरक पडला नाही तर ती रेषा ग्राउंडला किंवा शेजारणीला चिकटली असण्याची शक्यता जास्त.

एवढं उघडलंच आहेस तर 138 ची पिन 4 IO/M ला जोडली आहेस ना तेही बघ. 8085 OUT च्या वेळी पोर्टचा नंबर पत्त्याच्या दोन्ही अर्ध्या भागांत पाठवतो. OUT 90H केलंस की बसवर 9090 येतं, आणि डीकोडरला हे मेमरीचं काम नाही असं कळलं नाही तर रॅममधला 9090 चा बाइट गुपचूप बदलतो. तोही दोष नेमका 'चाललेला प्रोग्राम मध्येच बिघडतो' असाच दिसतो.

डीरॅमबद्दल. पेशी कुठल्याही जातीची असो, पत्त्याची रेषा तुटली की प्रत पडणारच, कारण चिपच्या आतही डीकोडरच बसलेला असतो. 6264 च्या आत साधारणपणे 256 ओळी आणि 256 स्तंभांची जाळी असते. पत्त्यातल्या आठ रेषा ओळ निवडतात, पाच रेषा बत्तीसांतला एक आठ-बिटांचा गट. जाळीच्या छेदावर काय बसलंय एवढाच जातींतला फरक. मास्क रॉममध्ये तिथे ट्रान्झिस्टर असतो किंवा नसतो, विषय संपला. तुझ्या 2764 मध्ये तरंगत्या गेटवर अडकलेला विद्युतभार असतो, तो अतिनील प्रकाशाने निघून जातो, म्हणून खिडकीवर चिकटपट्टी लाव. एसरॅममध्ये दोन इन्व्हर्टर एकमेकांना धरून असतात. वीज आहे तोवर त्यांना कोणी विचारायला जावं लागत नाही.

डीरॅममध्ये एक ट्रान्झिस्टर आणि एक इवलासा कपॅसिटर. तो गळतो, आणि वाचतानाही रिकामा होतो, त्यामुळे वाचलेलं चिपलाच परत लिहावं लागतं. 4164 घेतलीस तर दर 2 ते 4 मिलीसेकंदांत तिच्या सगळ्या ओळी ताज्या कराव्या लागतील. शिवाय तिला पत्त्याच्या पिन आठच. आधी ओळ, मग त्याच पिनांवर स्तंभ, आणि दोन्ही वेळा RAS आणि CAS अचूक क्रमाने. त्यासाठी मल्टिप्लेक्सर आणि रिफ्रेशचं सर्किट वेगळं. बरं, ती 64 के गुणिले 1 बिट आहे, म्हणजे आठ चिप शेजारी लावल्या की 64 केबी होते आणि त्यांच्यातली एक निवडायला 138 लागत नाही. पण तिथे एक पत्ता-पिन सुटली तर प्रत फक्त एका बिटात पडते. ते शोधणं याहून किचकट.

तेव्हा 6264 च राहू दे. सॉकेट बदलायचंच झालं तर खरादलेल्या गोल पिनांचं घे, दोन पैसे जास्त जातील. A000 ला काय दिसलं ते इथे लिही. पिन 2 वर बझर वाजला तर बोर्डच्या खालच्या बाजूचा फोटो टाक, त्या पिनेच्या आसपासचा.