गिव्हअवेत जेवढं तपासता येईल तेवढंच मागा

प्रश्न: आमची छोटी बेकरी आहे. इन्स्टाग्रामवर पहिल्यांदाच गिव्हअवे ठेवतोय, बक्षीस एक केक. नियम काय ठेवू, कॅप्शनमध्ये काय लिहू आणि विजेता कसा निवडू, म्हणजे नंतर कोणी ‘आधीच ठरलेलं होतं’ असं म्हणणार नाही?

उत्तर:

मी एका छोट्या बेकरीचं खातं सांभाळते, आणि आमच्या पहिल्या गिव्हअवेत नेमकं हेच ऐकून घेतलं. आमची अट होती: पोस्ट लाइक करा, फॉलो करा, तीन मैत्रिणींना टॅग करा आणि पोस्ट स्टोरीला लावा. निकाल लावल्यावर एका मुलीचा मेसेज आला, ‘मी पण स्टोरी लावली होती, माझं नाव यादीत का नव्हतं?’ सोबत स्क्रीनशॉटही होता. तिचं खातं प्रायव्हेट होतं, म्हणून तिची स्टोरी आम्हाला दिसलीच नव्हती. दिसली असती तरी चोवीस तासांनी गेलीच असती. ती खरं बोलत होती, आमच्याकडून लबाडी झाली नव्हती, आणि तरीही तिच्यावर अन्याय झाला होता.

तेव्हापासून मी प्रत्येक नियम एकाच कसोटीवर घासते: मुदत संपल्यावर, माझ्या स्क्रीनवर, प्रत्येक भाग घेणाऱ्यासाठी हे मला तपासता येईल का? येत नसेल तर तो नियम ठेवायचा नाही.

स्टोरीची अट इथेच बाद होते. लाइकचंही तसंच, कारण कोणी मुदतीआधी लाइक केलं आणि कोणी नंतर, ते यादीत कळत नाही. मैत्रिणींना टॅग करण्याची अट सगळेच ठेवतात, पण तिथे लोक बंद पडलेली खाती, नटनट्या, स्वतःचंच दुसरं खातं असं काहीही टॅग करतात. ते खरं-खोटं करत बसणं अशक्य. शिवाय हीच पोस्ट फेसबुकवर टाकणार असाल तर लक्षात घ्या, ‘मित्रांना टॅग करा’ किंवा ‘आपल्या टाइमलाइनवर शेअर करा’ ही प्रवेशाची अट ठेवायला फेसबुकच्या नियमांत मनाई आहे.

‘खरेदी करा, बिलाचा फोटो टाका’ हे तर अजिबात नको. पैसे देऊन प्रवेश आणि नशिबावर बक्षीस हे दोन्ही एकत्र आले की बऱ्याच देशांच्या कायद्यात त्याला लॉटरी म्हणतात, आणि लॉटरी अशी मनाला येईल तशी चालवता येत नाही. प्रवेश फुकटच ठेवा आणि तसं स्पष्ट लिहा.

मग उरतं काय? एक कमेंट. सोपा प्रश्न विचारा, उदाहरणार्थ ‘केकचा तुमचा आवडता फ्लेवर कोणता?’ उत्तर चांगलं की वाईट हे ठरवायचं नाही, फक्त उत्तर आहे की नाही एवढंच पाहायचं. ‘सगळ्यात छान उत्तराला बक्षीस’ म्हटलंत की परीक्षक तुम्ही झालात, आणि विजेती तुमच्या ओळखीची निघाली तर तुमच्याकडे सांगायला काही उरत नाही. फॉलोची अट हवी तर ठेवा. ती फक्त निवडलेल्या नावासाठी, फॉलोअर्सच्या यादीत शोधून क्षणात तपासता येते. एका व्यक्तीची एकच नोंद धरा, कितीही कमेंट केल्या तरी. आणि बेकरीत काम करणारे व त्यांच्या घरचे लोक बाहेर. हे कॅप्शनमध्ये आधीच लिहिलेलं असलं की पुढे वाद होत नाही.

आता कॅप्शन. फीडमध्ये त्याच्या पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात, बाकी ‘आणखी’ दाबल्यावर. म्हणून बक्षीस आणि मुदत पहिल्या ओळीतच हवी. मुदत लिहिताना ‘रविवारपर्यंत’ किंवा ‘रात्री १२ पर्यंत’ लिहू नका. रात्रीचे १२ म्हणजे कोणत्या तारखेचे, यावर माणसं खरोखर भांडतात. रात्री ९ लिहा, सोबत वार आणि तारीख दोन्ही. बक्षीसही नेमकं सांगा: केवढा केक, अंड्याचा की बिनअंड्याचा, कुठून घ्यायचा, किती दिवसांत. केक टिकत नाही आणि कुरिअरने धड पोचत नाही, त्यामुळे ‘दुकानात येऊन घ्यावा लागेल’ हे न लिहिल्यास दूरच्या गावची विजेती निघते आणि दोन्ही बाजू खट्टू होतात.

मी साधारण असं लिहीन:

> एक किलोचा केक जिंका! रविवार, १० तारीख, रात्री ९ वाजेपर्यंत कमेंट करा.
>
> कसं: आमचं खातं फॉलो करा आणि ‘केकचा तुमचा आवडता फ्लेवर कोणता?’ याचं उत्तर या पोस्टखाली कमेंटमध्ये लिहा. प्रवेश विनामूल्य, काहीही विकत घ्यावं लागत नाही. एका व्यक्तीची एकच नोंद धरली जाईल. वय १८ पूर्ण हवं. बेकरीतले कर्मचारी व त्यांचे कुटुंबीय भाग घेऊ शकत नाहीत.
>
> बक्षीस: एक किलोचा एक केक, फ्लेवर आमच्या यादीतून तुमच्या पसंतीचा, अंड्याचा किंवा बिनअंड्याचा. आमच्या स्वयंपाकघरात सुकामेवा, दूध आणि गहू वापरले जातात. निकालापासून ३० दिवसांत, दोन दिवस आधी कळवून, दुकानातून घेऊन जायचा. त्याऐवजी रोख रक्कम मिळणार नाही.
>
> निवड: सोमवार, ११ तारीख, संध्याकाळी ५ वाजता सर्व पात्र नोंदींतून सोडत. एक विजेता आणि दोन राखीव नावं. विजेत्याने ४८ तासांत उत्तर दिलं नाही तर बक्षीस पहिल्या राखीव नावाला.
>
> आम्ही फक्त याच खात्यावरून संपर्क करू. पैसे, ओटीपी किंवा कार्डाची माहिती कधीही मागणार नाही.
>
> हा उपक्रम इन्स्टाग्रामने प्रायोजित, पुरस्कृत किंवा आयोजित केलेला नाही, त्याच्याशी इन्स्टाग्रामचा संबंध नाही. भाग घेणारे या उपक्रमाबाबत इन्स्टाग्रामला सर्व जबाबदारीतून मुक्त करतात.

शेवटचा परिच्छेद शोभेसाठी नाही. इन्स्टाग्रामच्या अटींनुसार तो द्यावाच लागतो, नियम आणि पात्रताही तुम्हीच सांगायची असते. ओटीपीची ओळही काढू नका. गिव्हअवे सुरू झाला की तुमचाच फोटो आणि जवळपास तुमचंच नाव लावून बनावट खाती उभी राहतात, आणि कमेंट करणाऱ्यांना ‘तुम्ही जिंकलात, ही लिंक उघडा’ असे मेसेज पाठवतात. असं खातं दिसलं तर लगेच रिपोर्ट करा आणि स्टोरीत त्याचा स्क्रीनशॉट टाकून लोकांना सावध करा.

पोस्ट टाकल्यावर नियमांना हात लावू नका. दोन दिवसांत चाळीसच कमेंट आल्या की मुदत वाढवायचा मोह होतो, तो मलाही झाला होता. पण वेळेत आलेल्या चाळीस जणांची संधी तुम्ही त्यांना न विचारता कमी करताय. चाळीस तर चाळीस. काही सांगायचं राहून गेलं असेल तर ते वेगळी कमेंट करून सांगा.

सोडतीचं काम मात्र सावकाश करा, खरी कसरत इथेच आहे. मुदत संपल्या संपल्या सगळ्या कमेंट एका एक्सेल किंवा गूगल शीटमध्ये उतरवा: पहिल्या ओळीत रकान्यांची नावं, त्याखाली पहिल्या रकान्यात क्रमांक, दुसऱ्यात खात्याचं नाव, तिसऱ्यात उत्तर. लपवलेल्या कमेंटही उघडून पाहा. इन्स्टाग्राम काही कमेंट स्पॅम समजून आपोआप झाकतं, आणि त्यात खरी माणसंही सापडतात. एकाच नावाच्या दुबार नोंदी शोधायला शेजारच्या रकान्यात दुसऱ्या ओळीपासून हे टाका आणि खाली ओढा:

```
=COUNTIF(B$2:B2,B2)
```

जिथे २ किंवा जास्त आकडा येईल ती ओळ त्याच नावाची पुढची नोंद, ती काढायची.

समजा लपवलेल्या धरून २१४ कमेंट आल्या. मुदतीनंतरच्या ५ गेल्या, दुबार ३१ गेल्या, नुसते इमोजी टाकलेल्या ६, आणि कर्मचारी व घरच्यांच्या ४. उरल्या १६८. आता यादीला १ ते १६८ असे क्रमांक पुन्हा द्या आणि सोडतीच्या आधी तिचे फोटो स्टोरीत टाका, सोबत हा हिशेबही. सगळा विश्वास इथे कमावला जातो. ज्याचं नाव सुटलंय तो आत्ताच ओरडेल, आणि दुरुस्ती करायला तुमच्या हातात वेळ असेल. म्हणूनच मुदत रविवारी रात्री आणि सोडत सोमवारी संध्याकाळी ठेवली. सोडत झाल्यावर कळलेली चूक सुधारायला सोडतच रद्द करावी लागते.

मग फोनवर एका दमात, मध्ये न थांबता व्हिडिओ काढा. आधी यादी वरपासून खालपर्यंत दाखवा, मग आकडा काढा. चिठ्ठ्याही चालतात, फक्त १६८ चिठ्ठ्या एकाच मापाच्या, सारख्या घडीच्या हव्यात आणि भांड्यात घालताना दिसायला हव्यात. शीटमध्ये काढायचा तर:

```
=RANDBETWEEN(1,168)
```

याची एक खोड सांगते. शीटमध्ये कुठेही काही बदललं की हा आकडा पुन्हा बदलतो. तुम्ही ९३ वाचता, शेजारी विजेत्याचं नाव टाइप करता, आणि ९३ च्या जागी भलताच आकडा उभा. व्हिडिओ पाहणाऱ्याला ते ‘हवा तो आकडा येईपर्यंत दाबत राहिले’ असंच दिसतं. म्हणून हेच सूत्र तीन रिकाम्या चौकटींत आधीच टाकून ठेवा. व्हिडिओ सुरू झाल्यावर ‘आता एकदाच बदलणार’ असं म्हणून कोऱ्या चौकटीत एक अक्षर टाका. जे तीन आकडे येतील ते मोठ्याने वाचा आणि कागदावर लिहून कॅमेऱ्याला दाखवा. पहिला विजेता, पुढचे दोन क्रमाने राखीव. एखादा आकडा दोनदा आला तर त्या जागी आणखी एक काढायचा, आणि हे सुरुवातीलाच बोलून ठेवायचं. राखीव नावं त्याच वेळी काढली नाहीत तर तीन दिवसांनी दुसरी सोडत करावी लागते, आणि तिच्याकडे लोक संशयानेच बघतात.

विजेतीला नुसता मेसेज करू नका. तो तिच्या लक्षात आला नाही तर ४८ तास तसेच जातात. तिच्या कमेंटखाली उत्तर द्या, पोस्टवर निकालाची कमेंट टाका, मग मेसेज करा. ४८ तास पहिल्या जाहीर उत्तरापासून मोजा आणि ती वेळ लिहून ठेवा. व्हिडिओ आणि शीट केक नेला जाईपर्यंत जपून ठेवा. कोणी विचारलं, ‘माझा नंबर कितवा होता?’ तर यादी उघडून नंबर सांगता येईल.