सगळ्यांनी मिळून केलेलं काम स्वयंमूल्यमापनात कसं लिहायचं?

"मी उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी आहे. यंदा आमची सिकलसेल तपासणी चांगली झाली, पण ती सिस्टर, आरोग्यसेवक आणि चार आशाताई अशी सगळ्यांनी मिळून केली. फॉर्ममध्ये 'मी केली' लिहिलं तर त्यांच्या वाट्याचं ओढल्यासारखं होते. 'सर्वांच्या सहकार्याने' लिहिलं तर सर विचारतात, मग मॅडम, तुम्ही काय केलं? करार वाढायचा आहे. काय लिहू?"

यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवडा भागातून आलेला हा प्रश्न. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. मार्च उजाडला की असे प्रश्न घेऊन येणारे वाढतात, आणि बहुतेकांना माझ्याकडून एखादं बेतशीर वाक्य हवं असतं. पण वाक्यावर येण्याआधी वर्षभरात नेमकं कोणी काय केलं ते आठवावं लागतं, आणि तिथे बरीच उलथापालथ होते.

मॅडमनी दोन मसुदे आणले होते. पहिला: "1,186 व्यक्तींची सिकलसेल तपासणी पूर्ण केली." दुसरा: "टीमच्या सहकार्याने सिकलसेल तपासणीचे काम उत्कृष्टरीत्या पार पाडले." पहिल्यात सहा माणसं गायब होती, दुसऱ्यात मॅडम स्वतः. दुसरा जास्त नम्र आहे म्हणून जास्त प्रामाणिक आहे असं त्यांना वाटत होतं. मला ते पटलं नाही. मूल्यमापन करणाऱ्याला जे ठरवायचं आहे, त्याबद्दल त्या वाक्यात एक अक्षर नव्हतं.

मी त्यांना एक कोरा कागद दिला आणि वर्षातले अडथळे लिहायला सांगितले. यश नाही, अडथळे. सुरळीत चाललेल्या कामात कोणाचा हात किती ते आठवत नाही, पण काम जिथे अडलं तिथे ते कोणी सोडवलं हे चांगलं लक्षात राहतं.

पहिला अडथळा वेचणीचा. दिवाळीच्या आगेमागे कापूस फुटला की पोडावर दिवसा चिटपाखरू सापडत नाही. सकाळी अकराचं शिबिर लावलं तर चार म्हातारी माणसं येत, आणि तपासणी हवी होती चाळिशीपर्यंतच्या सगळ्यांची. मॅडम म्हणाल्या, "मग मी शिबिराची वेळ संध्याकाळची केली." विचारलं, हे सुचलं कोणाला? जरा थांबून त्यांनी सांगितलं, की एका आशाताई म्हणाल्या होत्या, "मॅडम, वेचणीत दिवसा घरी कोन भेटते? दिवे लागल्यावर या नं."

म्हणजे कल्पना त्यांची नव्हती. मॅडमचा चेहरा उतरला, आता हा मुद्दा गेला म्हणून. तो गेला नव्हता. आशाताईंनी सुचवलं, पण संध्याकाळी गाडी लागणार होती, सिस्टरची ड्यूटी बदलावी लागणार होती आणि त्यासाठी पीएचसीच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांची परवानगी हवी होती. ते सगळं मॅडमनी केलं. सुचवणं आणि घडवून आणणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दोन्ही एकाच वाक्यात लिहिता येतात. आशाताईंचं नाव घेतल्याने मॅडमचं काम कमी दिसत नाही. उलट, खालच्या माणसाचं ऐकून त्या निर्णय घेतात, हेही साहेबांना कळतं.

दुसरा अडथळा त्यांनी ओझरता लिहिला होता, आणि खरं काम तिथेच होतं. उपकेंद्रावर होते ती सोल्युबिलिटी चाचणी. ती पॉझिटिव्ह आली म्हणजे रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे एवढंच कळतं. माणूस नुसता वाहक आहे की रुग्ण, हे त्यातून ठरत नाही. त्यासाठी नमुना पुढे पाठवून इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावं लागतं. आमच्या मॅडमकडे पॉझिटिव्ह आले 74. डिसेंबरात त्यांनी रजिस्टर चाळलं, तर 31 जणांचा पक्का अहवालच नव्हता. काहींचा नमुना गेलाच नव्हता, काहींचा अहवाल तालुक्याला पडून होता. तपासणीचा आकडा मात्र भरघोस दिसत होता, म्हणून कोणी विचारत नव्हतं. त्यांनी या 74 जणांची वेगळी यादी केली आणि प्रत्येकापुढे नमुना कधी गेला, अहवाल कधी आला ते लिहायला सुरुवात केली. मार्चअखेर 68 अहवाल हातात होते.

"तुम्ही त्या उपकेंद्रावर नसतात, तर यातलं काय झालं नसतं?" मी विचारलं. 1,186 तपासण्या बहुधा झाल्या असत्या, थोड्या कमी-जास्त. ही यादी झाली नसती.

मग मसुदा असा झाला:

"उपकेंद्राच्या टीमने (आरोग्यसेविका, आरोग्यसेवक, 4 आशा व मी) वर्षात 1,186 जणांची सिकलसेल तपासणी केली. आशाताईंच्या सूचनेवरून वेचणीच्या काळात शिबिरे संध्याकाळी घेण्याचे नियोजन केले व त्यासाठी वाहनाची मंजुरी मिळवली. 74 पॉझिटिव्ह व्यक्तींची स्वतंत्र नोंद सुरू करून डिसेंबरात प्रलंबित असलेल्या 31 अहवालांचा पाठपुरावा केला. 25 अहवाल प्राप्त. 6 प्रलंबित."

एकत्रित आकडा टीमच्या नावावर, आणि त्यानंतर येणारी क्रियापदं फक्त त्यांची. यापुढचं काम मी सांगितलं तेव्हा त्या कचरल्या: हा मजकूर सिस्टरना वाचून दाखवायचा. कारण साधं आहे. सिस्टरचाही अहवाल त्याच वैद्यकीय अधिकाऱ्यांपुढे जाणार. 1,186 हा आकडा दोघींच्या कागदावर "मी" म्हणून आला, तर साहेब दोघींवरही विश्वास ठेवणार नाहीत. शिवाय जे वाक्य सहकाऱ्यासमोर मोठ्याने वाचताना आवाज खाली जातो, त्यात काहीतरी जास्तीचं शिरलेलं असतं.

सिस्टरनी ऐकलं आणि एका जागी अडवलं. "पाठपुरावा तुम्ही एकटीनं नाही केला मॅडम. नऊ घरी तर मीच गेली होती." खरं होतं. तिथे "आरोग्यसेविकेसह" हा शब्द आला, आणि सिस्टरच्या फॉर्ममध्ये त्या नऊ घरांची ओळ आली, जी त्या लिहिणारच नव्हत्या.

सहा प्रलंबित अहवाल मॅडमना गाळायचे होते. चार जण कामासाठी तेलंगणात गेलेले, दोघांनी पुन्हा रक्त द्यायला नकार दिलेला. मी म्हटलं, कारणासह लिहा. 74 मधून 68 वजा करायला साहेबांना कॅल्क्युलेटर लागत नाही.

याला मर्यादाही आहे. जिथे गुण निव्वळ उद्दिष्टाच्या टक्केवारीवर पडतात, तिथे वर्णनाच्या रकान्याने फारसा फरक पडत नाही, हे मी मॅडमना आधीच सांगितलं होतं. तिथे हा मजकूर उपयोगी पडतो तो समोरासमोरच्या चर्चेत. आणि तुमचं काम दुसऱ्याने आपल्या नावावर लिहिलं असेल, तर फॉर्ममध्ये तक्रार करू नका. तारखांसह तुमची नोंद द्या आणि रजिस्टर सोबत न्या.

मॅडमनी तेच केलं. चर्चेत वैद्यकीय अधिकाऱ्यांनी 1,186 बद्दल काही विचारलंच नाही. त्यांनी रजिस्टर उघडायला लावलं, तेलंगणात गेलेल्या चौघांचे फोन नंबर आहेत का ते पाहिलं, आणि तशीच यादी पीएचसीच्या बाकी उपकेंद्रांना करून दाखवाल का, असं विचारलं.