छोट्या खोलीच्या छतासाठी पोकळ प्लँक नेमके किती मागवायचे?

प्रश्न: डिचोलीजवळ घराच्या मागे खोली बांधतोय. आतून ४.५ मीटर × ३.३ मीटर, भिंती नऊ इंची चिऱ्यांच्या. वर १५० मिमी जाडीचे, ६०० मिमी रुंद, कारखान्यात तयार होणारे काँक्रीटचे पोकळ प्लँक टाकायचे आहेत. विक्रेता म्हणतो ८ लागतील, मिस्त्री म्हणतो ७. कोणाचं ऐकू? लांबी किती सांगू?

उत्तर:

मिस्त्रीचं ऐका, पण त्याच्या सातात एक अर्धवट गोष्ट आहे. ७ प्लँक आणि एका कडेला साधारण ३४० मिमी रुंदीची जागेवर ओतलेली काँक्रीटची पट्टी, असं मिळून तुमचं छत पूर्ण होतं.

आधी लांबी ठरवू. प्लँक आखूड बाजूने, म्हणजे ३.३ मीटरवर टाका. दगडी-विटांच्या भिंतीवर प्रत्येक टोकाला १०० मिमी टेकण द्यावं. ३३०० + १०० + १०० = ३५०० मिमी. भिंत २३० मिमी जाड धरली तर टेकण वजा जाता बाहेरच्या बाजूला १३० मिमी उरतात. तिथे छताच्या उंचीचा काँक्रीटचा पट्टा चारही बाजूंनी फिरवून प्लँकची टोकं बांधून घेता येतात. काहीजण पैसे वाचवायला ३४०० ची मागणी देतात. मग टेकण ५० वर येतं. चिऱ्याची भिंत २० मिमी बाहेर गेली आणि प्लँक १० मिमी आखूड निघाला, तर एखाद्या टोकाला ते आणखी कमी होतं आणि तिथली कड तुटते. ३५०० मागवल्यावर हीच चूक झाली तरी टेकण ७० च्या खाली जात नाही.

३.३ हे माप नेमकं कसलं आहे, तेही पाहा. गिलावा धरून मोजलं असेल तर चिऱ्यांच्या उघड्या तोंडांमधलं अंतर ३०-४० मिमी जास्त भरेल. भिंतीच्या माथ्यावर, गिलाव्याशिवाय, दोन्ही टोकांना आणि मध्ये अशी तीन मापं घ्या. हिशेबात सगळ्यात मोठं माप धरा.

आता संख्या. ६०० हे फक्त नावाचं माप आहे. बहुतेक कारखान्यांचा प्लँक प्रत्यक्षात ५९०-५९७ मिमी रुंद असतो, उरलेली जागा सांध्याची. मी इथे ५९० आणि खालच्या बाजूला १० मिमी सांधा धरतो. तुमच्या कारखान्याचा खरा आकडा विचारून तो घाला. ७ प्लँकमध्ये ६ सांधे:

```
7 × 590 + 6 × 10 = 4190
8 × 590 + 7 × 10 = 4790
```

आतलं माप ४५०० आहे. म्हणजे ८ घातले तर २९० मिमी जास्त होतात आणि दोन्ही कडांचे प्लँक बाजूच्या भिंतींवर १४५ मिमी चढतात. विक्रेत्याच्या हिशेबात हे भरून निघतं, पण छताच्या दृष्टीने ते वाईट आहे. प्लँकमधल्या तारा किंवा सळ्या लांबीच्या दिशेने असतात, त्यामुळे तो दोन टोकांवरच उभा राहायला हवा. लांब कड भिंतीवर टेकली की ती कड खाली जाऊ शकत नाही. प्लँकचा दुसरा अर्धा मात्र भार आल्यावर वाकतो. त्यामुळे तो आडवा पिळला जातो आणि कडेच्या पोकळीखाली लांबीच्या दिशेने सरळ चीर पडते. छताच्या खालच्या अंगाला भिंतीपासून थोड्या अंतरावर भिंतीला समांतर बारीक रेघ दिसली, तर कारण बहुधा हेच असतं. शिवाय कठड्याचा भार थेट पोकळीवर येतो, आणि चारही बाजूंचा पट्टा ओतायला जेमतेम ८५ मिमी जागा उरते.

कारखाना प्लँक लांबीने कापून देत असेल तर आठव्याचा ३०० चा तुकडा चालतो. कापण्याची रेघ आणि उरलेल्या तारा त्यांनीच ठरवायच्या, साइटवर कटरने हा उद्योग करू नका. पण पैसे बहुधा पूर्ण प्लँकचेच जातील, म्हणून मी पट्टीच निवडतो.

मांडणी अशी करा. पहिला प्लँक एका बाजूच्या भिंतीवर फक्त ३० मिमी चढवा, कडेची फट झाकण्यापुरता. त्या ३० मिमीखाली मसाला भरू नका, मोकळी जागा राहू द्या. तिथून सात प्लँक लागले की समोरच्या भिंतीपर्यंत ४५०० − (४१९० − ३०) = ३४० मिमी उरतात. हीच पट्टी. तिला खालून फळीचा आधार देऊन प्लँकच्या जाडीइतकं काँक्रीट ओता. खालच्या अंगाला लांबीच्या दिशेने १० मिमीच्या तीन सळ्या आणि त्यांवर आडव्या ८ मिमीच्या, २०० मिमी अंतराने, असं साधारण पुरतं. तुमच्या इंजिनीअरकडून तेवढं तपासून घ्या, विशेषतः वर पाण्याची टाकी ठेवणार असाल तर. पट्टीचा आणखी एक फायदा म्हणजे टाकीचा पाइप, वायरिंगची नळी यांची भोकं तिथून काढता येतात आणि प्लँकला हात लावावा लागत नाही.

सांध्याचे १० मिमी शेवटच्या प्लँकपर्यंत काटेकोर पाळले जातील असं समजू नका. क्रेनवाल्याला घाई असते. सांधे १५ मिमीचे झाले तर सहा सांध्यांत ३० मिमी सरकतात. प्लँक एकमेकांना चिकटवून टाकले तर उलट, आणि मग सांध्यात काँक्रीट उतरतच नाही, पहिल्या पावसाळ्यातच गिलाव्यावर सरळ रेघा उमटतात. म्हणून क्रेन येण्याआधी दोन्ही भिंतींच्या माथ्यावर पहिल्या प्लँकच्या कडेपासून दर ६०० मिमीवर खडूने खुणा करा आणि प्रत्येक प्लँक त्या खुणेला लावा. थोडी तफावत उरलीच, तर ती पट्टी खाऊन टाकते.

चिऱ्यावर प्लँक थेट ठेवू नका. चिऱ्याचा माथा भुसभुशीत, उंचसखल असतो. आधी ७५-१०० मिमी जाडीचा काँक्रीटचा पट्टा पाणसळीत ओतून त्यावर टोकांखाली १० मिमी सिमेंट-वाळूचा १:३ थर घाला. सांधे १० मिमी खडीच्या काँक्रीटने भरा. सहा सांध्यांना एक दशांश घनमीटरपेक्षा कमी लागतं, पट्टीला सुमारे ०.१८. भरण्याआधी पोकळ्यांची तोंडं बंद करा, नाहीतर काँक्रीट आतच वाहत जातं.

एका प्लँकचं वजन पावणेपाचशे ते पाचशे किलो भरेल, तेव्हा गल्लीत क्रेन शिरते का ते आधीच पाहून ठेवा. उचलताना दोरे टोकांपासून साधारण ३०० मिमीवर बांधा. मधोमध उचलला तर वरच्या बाजूला ताण येतो, आणि तिथे सळई जवळजवळ नसते. सातांसाठी जादा प्लँक मी मागवणार नाही. ट्रकवरच कडा आणि टोकं तपासून तडा असलेला परत पाठवा.

छत मे अखेरपर्यंत बंद होणार नसेल, तर प्रत्येक पोकळीच्या तळाला दोन्ही टोकांजवळ १०-१२ मिमीचं भोक कारखान्यातूनच पाडून घ्या. गोव्याच्या पावसात पोकळीत पाणी साचतं आणि गिलावा झाल्यावर महिनोन् महिने छताला ओल दिसत राहते. मग लोक वॉटरप्रूफिंगवर खर्च करत बसतात, आणि पाणी मात्र आतलंच असतं.