रिसॉर्टकडून पैसे परत मागताना

जाहिरातीत दाखवलेला पूल, सी-व्ह्यू खोली किंवा जेवण रिसॉर्टमध्ये प्रत्यक्षात मिळालं नाही, तर काही पैसे परत मागता येतात. तक्रार पाठवण्याआधी जाहिरातीचे आणि बुकिंगच्या पानाचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. तक्रार पोहोचली की वेबसाइटवरचा पूल कधी गायब होईल, सांगता येत नाही. तुमचे फोटो मूळ फाइलमध्येच जपा. व्हॉट्सॲपवरून आलेल्या प्रतीत फोटो काढल्याची तारीख-वेळ राहत नाही. रिकाम्या पूलचा फोटो चांगलाच, पण शेजारची 'दुरुस्तीसाठी बंद' ही पाटी त्यात आली असेल तर फारच उत्तम.

'सगळे पैसे परत द्या' असं लिहू नका. दोन रात्री राहिलात, हे ते लगेच दाखवतील. त्यापेक्षा हिशोब मांडा. समजा, १६,००० भरले. सी-व्ह्यूऐवजी साधी खोली मिळाली आणि त्यांच्याच दरपत्रकात फरक रात्रीला १,५०० आहे, तर ३,००० झाले. पॅकेजमधलं जेवण मिळालं नाही, बाहेर जेवलात, त्या बिलांचे २,२००. पूलला वेगळा दर नसतो, तिथे १,००० सारखी माफक रक्कम धरा. एकूण ६,२००. प्रत्येक आकड्यापुढे फोटोचा किंवा बिलाचा क्रमांक टाका.

हे ईमेलनेच पाठवा, पंधरा दिवसांची मुदत द्या. फोनवर 'बघतो साहेब' म्हणाले, तर तेही ईमेलवर लिहून मागा. पुढच्या बुकिंगवर सूट देऊ केली तर नको म्हणा; तिथे पुन्हा जायचंय कुणाला! मुदत उलटली की १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. तिथे फक्त समेट घडवतात, आदेश देत नाहीत. आदेश हवा असेल तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. रिसॉर्ट कोकणात असलं तरी तक्रार तुमच्या राहत्या जिल्ह्यात करता येते.